दीड महिन्याच्या लसीनंतरचा ताप आणि दुखरी मांडी

दीड महिन्याच्या डोसाला बाळाला एकाच बैठकीत बऱ्याच लसी मिळतात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस, उजव्या दंडावर कातडीच्या वरच्या थरात पोलिओचे अगदी छोटे इंजेक्शन आणि तोंडाने पोलिओ व रोटाव्हायरसचे थेंब, असा हा सरकारी वेळापत्रकातला क्रम आहे. अडीच आणि साडेतीन महिन्यांना यातल्या बहुतेक लसी पुन्हा दिल्या जातात. त्या संध्याकाळी बाळ तापते, रडते आणि पाय हलवू देत नाही. हे बहुतेक वेळा पेंटाव्हॅलंटमुळे होते.

पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांवरची एकत्र लस. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग हा मारलेल्या पूर्ण जंतूंचा असतो. जंतू मेलेले असल्यामुळे रोग होऊ शकत नाही, पण त्यांच्या आवरणातले पदार्थ शरीराला ओळखू येतात. सुईच्या जागी संरक्षक पेशी गोळा होतात, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मांडी लाल, गरम व कडक होते. याच पेशींनी सोडलेली रसायने रक्तातून मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात आणि ते केंद्र शरीराचे तापमान थोडे वर नेते. पूर्ण जंतूंच्या या लसीनंतर साधारण निम्म्या बाळांना थोडाफार ताप येतो किंवा सुईची जागा दुखते. ज्या बाळाला काहीच झाले नाही त्याची लस ‘लागली नाही’, असा अर्थ मात्र होत नाही. ताप न येताही प्रतिकारशक्ती तयार होते.

खासगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून मिळणाऱ्या लसीत पूर्ण जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असतात. त्यामुळे ताप आणि सूज कमी येते, हे खरे आहे. पण डांग्या खोकल्यापासून तिने दिलेले संरक्षण लवकर ओसरते. एका रात्रीच्या तापाच्या भीतीने सरकारी केंद्रातली लस टाळण्याचे त्यामुळे कारण नाही.

सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात दिली जाते, कारण या वयात तिथला स्नायू सर्वांत भरलेला असतो आणि जवळपास मोठी नस नसते. पूर्वी कुल्ल्यावर इंजेक्शन दिले जाई, पण तिथे पायाची मुख्य नस दुखावण्याचा धोका असल्यामुळे बाळांना लस तिथे देत नाहीत.

लस दिल्यावर पहिला अर्धा तास केंद्रातच थांबायचे असते. अनेकदा घाईत हे टाळले जाते, पण या नियमाला ठोस कारण आहे. लसीची तीव्र ॲलर्जी अतिशय दुर्मीळ असली, तरी ती झाली तर बहुधा काही मिनिटांतच दिसते. अंगभर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, श्वास घरघरतो, बाळ पांढरे पडते. तिच्यावरचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन केंद्रात असते, घरी नसते. याच अर्ध्या तासात नर्सबाईंकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आज कोणत्या लसी दिल्या, तापाचे औषध किती आणि कधी द्यायचे, पुढचा डोस कोणत्या तारखेला. माता-बाल संरक्षण कार्डावर लसीची तारीख असते, पण वेळ नसते. ती पालकांनी स्वतः पेनाने लिहून ठेवावी. तिचा उपयोग पुढे होतो.

समजा, चार किलो वजनाच्या दीड महिन्याच्या बाळाला सकाळी अकराला लसी दिल्या. दुपारपर्यंत ते नेहमीसारखे झोपले आणि दूध प्याले. चार वाजता डावा पाय हलवताच ते कळवळू लागले. सहाला अंग गरम लागले. काखेत थर्मामीटर लावल्यावर १००.८ अंश फॅरनहाइट भरले. रात्री नऊपर्यंत ते चिडचिडे होते, पण अंगावर घेतल्यावर दूध ओढत होते आणि कडेवर घेतले की शांत होत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप ९९.६ वर आला. मांडीवर रुपयाच्या नाण्याएवढा लालसर कडक भाग होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता, लाली फिकी पडली होती आणि पाय मोकळा हलत होता. लसीच्या तापाची वाट बहुधा अशीच असते: पहिल्या २४ तासांत सुरुवात आणि ४८ तासांच्या आत उतार. या हिशेबासाठीच लसीची वेळ लिहून ठेवायची.

ताप हाताने ठरवू नये. तापलेले कपाळ हाताला कळते, पण १०० आणि १०३ यांतला फरक हाताला कळत नाही, आणि निर्णय त्याच फरकावर ठरतो. बॅटरीवर चालणारे डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत उभे धरून, बाळाचा हात अंगाशी दाबून, आवाज होईपर्यंत ठेवावे. बाळ नुकतेच दुपट्यात गुंडाळलेले असेल तर कपडे सैल करून दहा-पंधरा मिनिटांनी मोजावे, नाहीतर आकडा खोटा वर जातो. १००.४ म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरले तर तो ताप समजतात.

घरी करायच्या उपायांत सर्वांत परिणामकारक आहे ते स्तनपान. सुई देताना आणि नंतर बाळ अंगावर असेल तर ते कमी रडते, हे अनेक ठिकाणी तपासून पाहिलेले आहे. तापात शरीरातले पाणी जास्त जाते, म्हणून बाळ मागेल तेव्हा, आणि थकून झोपले असेल तर हलके उठवूनही, थोड्या थोड्या वेळाने पाजावे. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी, साखरपाणी किंवा बाळघुटी देऊ नये. आईच्या दुधातच लागेल तेवढे पाणी असते, आणि बाहेरच्या पाण्यातून जुलाब सुरू झाले तर लसीचा ताप कोणता आणि आजार कोणता हे ओळखणे अवघड होते. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे, कुशीत घेऊन हळू चालणे हेही उपयोगी पडते. दुखरा पाय लोंबकळू नये, आणि लंगोट बदलताना त्या पायाला धरून उचलू नये.

कपड्यांबाबत घरातल्या मोठ्या माणसांशी मतभेद होतात. तापलेल्या बाळाला ‘वारा लागू नये’ म्हणून झबले, टोपडे, मोजे आणि वर जाड दुपटे घालण्याची रीत आहे. पण या वयाच्या बाळाची उष्णता मुख्यतः कातडीवाटे, त्यातही डोक्यावाटे बाहेर जाते. ती वाट बंद केली की ताप आणखी चढतो. एक पातळ सुती झबले पुरते. थंडीचे दिवस असतील तर वर हलके पांघरूण. पंखा मंद ठेवायला हरकत नाही, त्याचा झोत बाळावर थेट नको. बर्फाच्या किंवा थंड पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवू नयेत. त्यांनी बाळ कुडकुडते आणि कुडकुडण्याने आतले तापमान उलट वाढते. ताप असला तरी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने अंग पुसता येते, पण ते बाळाला बरे वाटावे म्हणून. ताप खरोखर उतरवण्याचे काम औषधाचे.

दुखऱ्या मांडीवर स्वच्छ सुती कापड साध्या गार पाण्यात भिजवून, पिळून, काही मिनिटे नुसते ठेवावे. दिवसातून चार-पाच वेळा असे केले तर सूज आणि ठणका कमी होतो. मांडी चोळायची नाही. लस स्नायूत पसरावी म्हणून चोळण्याची समजूत सर्वत्र आढळते, पण चोळल्याने सुजलेल्या जागी आणखी इजा होते. गरम शेक, हळदीचा लेप, बाम, तेल, बटाट्याची चकती यांपैकी काहीही सुईच्या जागी लावू नये. तिथे काही तास एक सूक्ष्म छिद्र असते आणि लेपातला जंतू त्यातून आत जाऊ शकतो. शिवाय लेपाने जागा झाकली की लाली वाढते की घटते ते दिसतच नाही. रोजची तेल-मालीश दोन-तीन दिवस त्या मांडीपुरती थांबवली म्हणजे झाले. कोमट पाण्याची आंघोळ घालायला हरकत नाही.

औषध म्हणून पॅरासिटामॉल पुरते. ते ताप आल्यावर किंवा बाळ दुखण्याने बेचैन असेल तेव्हा द्यायचे. ताप यायच्या आधी, केवळ लस दिली म्हणून, सरसकट द्यायचे नाही. चेक प्रजासत्ताकात झालेला आणि २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत नेहमी सांगितला जातो. लसीच्या वेळेपासूनच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत ताप कमी आला, पण काही लसींविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्येही कमी भरली. ती घट संरक्षण नाहीसे करण्याइतकी नव्हती, तरी गरज नसताना औषध देण्यातही अर्थ नाही.

मात्रा वजनावर ठरते: प्रत्येक किलोला एका वेळी १० ते १५ मिलीग्रॅम. चार किलोच्या बाळाला म्हणजे ४० ते ६०, मधला आकडा ५० मिलीग्रॅम धरू. गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम असते, म्हणून त्या बाळाला अर्धा मिलिलिटर पुरतो. सिरपवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२५’ लिहिले असेल तर २ मिलिलिटर आणि ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’ लिहिले असेल तर १ मिलिलिटर. औषध तेच, दुकानही तेच, पण घोट वेगळा. ड्रॉप्सचा घरगुती चमचाभर घोट दिला तर बाळाच्या पोटात ५०० मिलीग्रॅम जाते, म्हणजे मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी आणि त्या बाळाच्या मात्रेच्या दहापट. पॅरासिटामॉलची जादा मात्रा यकृताला इजा करते, आणि सुरुवातीला बाळ ठीक दिसत राहते. म्हणून बाटलीवरचा आकडा नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना वाचून दाखवून, किती मिलिलिटर ते विचारून, ड्रॉपर किंवा सुई नसलेल्या सिरिंजनेच मोजावे. केंद्रातून गोळी मिळाली असेल तर तिचा नेमका कितवा भाग द्यायचा हे तिथेच विचारावे, अंदाजाने तुकडा पाडू नये. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. जास्त दिले गेल्याचे लक्षात आले तर बाळ कितीही चांगले दिसत असले तरी बाटलीसह दवाखान्यात जावे.

ॲस्पिरिन बाळाला कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचे सिरप घरात थोरल्या मुलासाठी आणलेले असते, ते इतक्या लहान बाळासाठी नाही. निमेसुलाइडवर तर भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठी बंदी आहे.

आता लिहून ठेवलेली वेळ उपयोगी पडते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप येणे हे एरवी गंभीर लक्षण मानतात. या वयात रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणातला जंतुसंसर्ग अनेकदा फक्त तापानेच प्रकट होतो. लसीनंतरचे पहिले ४८ तास ही यातली एकच सवलत आहे, आणि तीही बाळ दूध पीत असेल, जागेपणी नजर देत असेल आणि कडेवर घेतल्यावर शांत होत असेल तरच. ४८ तास उलटूनही ताप असेल, किंवा एकदा उतरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा आला असेल, तर तो लसीच्या खात्यावर टाकता येत नाही. ‘डोस दिला होता ना, म्हणून असेल’ या एका वाक्यामुळे न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर झालेले बाळ उशिरा दवाखान्यात पोचते. त्या वाक्यात शहाणपण वाटते, म्हणूनच ते जास्त धोक्याचे आहे. ४८ तासांच्या आतही ताप १०२ च्या पुढे गेला तर डॉक्टरांना दाखवावे.

बाकीच्या काही लक्षणांना थर्मामीटरची वाट पाहायची नसते. बाळ अंगावर घेत नाही किंवा घेतलेले सगळे उलटते, इतके निपचित आहे की जागे करूनही डोळे उघडत नाही, आकडी येते, अंग निळे किंवा राखाडी पडते, टाळू फुगून वर येते, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, ही लक्षणे कोणत्याही वेळी दिसली तरी ताबडतोब निघावे. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून मोजावा. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास वेगवान समजतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

दोन प्रसंग खास पेंटाव्हॅलंटशी जोडलेले आहेत आणि ते आधी माहीत असले तर घबराट कमी होते. पहिला म्हणजे तीन तासांहून जास्त न थांबणारे, कशानेही न शमणारे, बऱ्याचदा नेहमीपेक्षा टिपेचे रडणे. दुसरा म्हणजे लसीनंतर काही तासांत बाळ अचानक पांढरे पडून लुळे होणे आणि हाकेला प्रतिसाद न देणे. हे दिसायला भयंकर असते, पण असे बाळ बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत पूर्वपदावर येते आणि मागे कायमचे नुकसान राहत नाही. तरीही दोन्ही वेळा दवाखाना गाठायलाच हवा, कारण आकडी, जंतुसंसर्ग किंवा रक्तातली साखर उतरणे यांपासून हे वेगळे ओळखणे घरी शक्य नसते.

रडण्याचा एक वेगळा प्रकार मांडीच्या दुखण्यात खपून जातो. बाळ एकदम किंचाळते, पाय पोटाशी ओढते, काही मिनिटांत शांत होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू होते. बरोबर हिरवी उलटी किंवा शीत रक्तमिश्रित शेंब दिसली, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात अडकला असण्याची शक्यता असते. रोटाव्हायरसच्या लसीनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, हे फार क्वचित घडते. लस न घेतलेल्या बाळांतही ते होते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात उपचार मिळाले तर बरेचदा शस्त्रक्रियेशिवाय सुटते.

ताप गेल्यावर मांडीत वाटाण्याएवढी, न दुखणारी कडक गाठ काही आठवडे राहू शकते. लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते लस स्नायूत रेंगाळत ठेवतात, त्याचीच ही खूण. ती आपोआप विरते, तिला दाबून पाहण्याचीही गरज नाही. मात्र सूज पहिल्या दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत गेली, लाली गुडघ्याकडे किंवा जांघेकडे पसरली, मध्यभाग मऊ होऊन डुचमळू लागला किंवा पू दिसला, तर तो गळू असतो. तो घरी फोडू नये. सुजेची कड पेनाने आखून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती पुढे सरकली की नाही हे नेमके कळते.

दंडाची गोष्ट निराळी आहे. उजव्या दंडावर पोलिओच्या सुईचा लहान लाल ठिपका एक-दोन दिवस दिसतो. डाव्या दंडावर जन्मानंतर दिलेली बीसीजी मात्र उशिरा उमटते. दोन ते सहा आठवड्यांत पुटकुळी येते, ती फुटून थोडा पू येतो, खपली धरते आणि महिन्या-दोन महिन्यांत व्रण राहतो. ही पुटकुळी नेमकी दीड महिन्याच्या डोसाच्या सुमाराला फुटली की पालकांना वाटते, आताची सुई पिकली. तिला मलम, पट्टी, पावडर काही नको. आंघोळीनंतर ती कोरडी टिपली की पुरे. डाव्या काखेत मोठी, वाढती गाठ आली तर दाखवावे.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याला शरीरात वाढायला वेळ लागतो, म्हणून तिचा ताप त्या रात्री न येता साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसांत येतो, कधी बारीक पुरळही उठते. ४८ तासांचा हिशेब त्या लसीला लागू पडत नाही, पण धोक्याची लक्षणे तीच राहतात.

साधा ताप, दुखरी मांडी किंवा रडणे यांमुळे पुढचा डोस थांबवायचा नसतो. डांग्या खोकल्यापासून पुरते संरक्षण एका डोसाने मिळत नाही, आणि या रोगात जिवाला धोका सर्वाधिक तो पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळांना. आकडी, लुळे पडणे, तीव्र ॲलर्जी किंवा मेंदूवर परिणाम झाल्याची शंका, असे काही घडले असेल तर ते आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना लगेच कळवावे. त्याची नोंद वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाते. अडीच महिन्यांच्या वेळी सुई घेण्याआधी ते पुन्हा सांगावे, म्हणजे पेंटाव्हॅलंट द्यायची, त्याऐवजी दुसरी लस निवडायची की डोस रुग्णालयात देखरेखीखाली द्यायचा हे डॉक्टर ठरवू शकतात.